‘५.५ लाख’ म्हणजे नेमके किती? जागेच्या पत्रातली मापं, रकमा आणि तारखा

वाचकाचं पत्र

कोल्हापुरात ई वॉर्डात माझा प्लॉट आहे, त्यात एक जुनी खोली आहे. ओळखीतल्या एका कुटुंबाला तो द्यायचं ठरलं आणि १२ मार्च २०२६ रोजी मी हातानं पत्र लिहून, सही करून दिलं : ‘क्षेत्र ३ गुंठे, दर १,९५० प्रमाणे. आतल्या खोलीचे माप १०.६ × ११.९. विसार ५.५ लाख मिळाला. बाकी रक्कम ०५/०९/२६ पर्यंत, ताबा दिवाळीत.’ दर चौरस फुटाचा आहे, यावर दोघांचं एकमत आहे. खात्यावर पाच लाख पाच हजार आले होते, तेच मी लिहिलं. आता ते म्हणतात, तुमच्या सहीनं साडेपाच लाख पोचलेत. प्रॉपर्टी कार्डावर ३००.०० चौ.मी. आहे, म्हणून पैसे तेवढ्याचेच देणार. आणि त्यांचा अमेरिकेतला मुलगा बाकी रकमेची तारीख ९ मे धरून बसलाय, त्यामुळे ताबाही लवकर मागतोय. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. पत्र कसं दुरुस्त करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार ताई,

आधी एक गोष्ट सांभाळा. १२ मार्चच्या मूळ पत्राला हात लावू नका. त्यावर खाडाखोड, वरून आकडा गिरवणं, मधल्या जागेत शब्द घुसवणं, यातलं काहीही नको. तुमच्याकडच्या प्रतीत बदल आणि त्यांच्याकडच्या प्रतीत नाही, असं झालं की मापाचा वाद बाजूला राहतो आणि तुमच्या हेतूवर बोट येतं. दुरुस्ती करायची ती वेगळ्या कागदावर, ‘स्पष्टीकरण पत्र’ म्हणून. जुन्या पत्राची तारीख देऊन, जुनं वाक्य जसंच्या तसं उतरवून, त्याखाली नवं वाक्य लिहायचं आणि दोघांनी सही करायची. त्यात काय लिहायचं ते एकेक करून पाहू.

क्षेत्रापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथंच अडकलेत.

आपल्याकडे बोलताना ‘आर’ आणि ‘गुंठा’ एकच धरतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१.१७ चौरस मीटर. फरक शेकडा सव्वापेक्षाही कमी, म्हणून शेताच्या गप्पांत तो कुणाला जाणवत नाही. शहरातल्या प्लॉटला मात्र फुटाफुटाचा दर असतो. तुमच्या कार्डावर ३००.०० चौरस मीटर आहे, म्हणजे बरोबर तीन आर. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६३९ नं गुणायचं : ३०० × १०.७६३९ = ३,२२९.१७ चौरस फूट. तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. मधला फरक ३७.८३ चौरस फूट. १,९५० च्या दरानं तो ७३,७६८ रुपये ५० पैसे होतो. तुमचा वाद तो हाच.

इथं समोरच्यांचं म्हणणं बरोबर आहे, हे मोकळेपणानं मान्य करा. शहरातल्या मिळकतीला प्रॉपर्टी कार्ड, म्हणजेच मिळकत पत्रिका, हा क्षेत्राचा सरकारी उतारा आहे आणि त्यातलं क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. गुंठा त्यावर कुठंच नसतो. जे माप उताऱ्यावर आहे तेच पत्रात पहिल्यांदा यावं, उताऱ्यावर जेवढे दशांश आहेत तेवढ्याच दशांशांनिशी : ३००.०० चौरस मीटर. मग कंसात चौरस फूट, आणि त्याला जोडून हे वाक्य : ‘दोन्ही मापांत तफावत दिसल्यास चौरस मीटरमधील माप ग्राह्य धरावे.’ हे वाक्य नसेल तर एकाच ओळीत दोन मापं लिहिणं धोक्याचं असतं, कारण रूपांतर करताना प्रत्येकजण आपल्या सवयीचा आकडा वापरतो. कुणी १०.७६ नं गुणतो, त्याला ३,२२८ चौरस फूट मिळतात. तुमच्या दरानं हाच फरक २,२८१ रुपये ५० पैशांचा झाला. म्हणून कोणत्या आकड्यानं गुणलं तेही पत्रात लिहून टाका : १ चौरस मीटर = १०.७६३९ चौरस फूट.

‘दर १,९५० प्रमाणे’ यात एकक नाही. आज दोघांचं एकमत आहे म्हणून निभावलं, पण कागद माणसांपेक्षा जास्त टिकतो आणि उद्या तो वारसांच्या हाती जाईल. ‘दर प्रति चौरस फूट रु. १,९५०’ असं पूर्ण लिहा.

आता दराइतकंच महत्त्वाचं : व्यवहार मोजून आहे की उक्ता? मोजून असेल तर प्रत्यक्ष मोजणीत जे क्षेत्र निघेल त्यावर किंमत ठरणार. उक्ता असेल तर क्षेत्र थोडं इकडेतिकडे झालं तरी रक्कम बदलणार नाही. तुमच्या पत्रात दर आहे पण एकूण किंमत नाही, म्हणजे वाचणारा ‘मोजून’ असाच अर्थ काढेल. समजा, नगर भूमापन कार्यालयाकडून मोजणी करून घेतली आणि जागेवर २९६.४० चौरस मीटरच भरले. कमी भरलेले ३.६० चौरस मीटर म्हणजे ३८.७५ चौरस फूट, आणि त्याचे पैसे सुमारे ७५,५६३. हे कुणी सोसायचं, ते आजच लिहिलेलं बरं. मोजून ठेवायचा असेल तर मोजणी कोणाची, कोणत्या तारखेच्या आत आणि तिचा खर्च कोणाचा, हे लिहा. उक्ता करायचा असेल तर ‘एकूण मोबदला उक्ता ठरला असून क्षेत्र कमी-जास्त भरल्यास त्यात बदल होणार नाही’ असं स्वच्छ लिहा. आमचं मत विचाराल तर नोंदलेलं क्षेत्र आणि जागेवरचं कुंपण यांत शंका नसेल तिथं उक्ता व्यवहार सोपा पडतो. शंका असेल तर आधी मोजणी, मग पत्र.

‘सुमारे’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द क्षेत्राच्या आसपासही नकोत. पुष्कळांना वाटतं की त्यांनी आपण सुरक्षित राहतो. प्रत्यक्षात हे शब्द दोन्ही बाजूंना हवा तेवढा अर्थ ताणायची मुभा देतात. ते टाळायचे तर चतुःसीमा नीट हव्यात. दस्तातल्या चतुःसीमा स्पष्ट असतील आणि त्यांचा क्षेत्राशी मेळ बसत नसेल, तर न्यायालयं सर्वसाधारणपणे चतुःसीमेला वजन देतात. त्यामुळे ‘पूर्वेस रस्ता’ एवढ्यावर न थांबता चारी बाजूंना लागून असलेल्या मिळकतींचे सिटी सर्व्हे नंबर द्या. आणि कोल्हापुरात सिटी सर्व्हे नंबर लिहिताना वॉर्ड कधीच सोडू नका. नंबर वॉर्डनिहाय आहेत, त्यामुळे नुसत्या नंबरानं मिळकत ओळखता येत नाही. ‘ई वॉर्ड, सि.स.नं. अमुक’ असं एका दमात लिहायचं. जुन्या कागदांत रि.स.नं., म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, असेल तर तोही शेजारी द्या, पण कोणता नंबर कोणता हे नाव घालून.

खोलीच्या मापात एक चूक दडलेली आहे जी गवंड्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळीकडे आढळते. १०.६ म्हणजे तुम्हाला दहा फूट सहा इंच म्हणायचं आहे. पण टिंबानंतरचा आकडा हा दहावा भाग असतो, आणि फुटात इंच असतात बारा. दहा फूट सहा इंच म्हणजे साडेदहा फूट, १०.५. अकरा फूट नऊ इंच म्हणजे पावणेबारा फूट, ११.७५. खोलीचं खरं क्षेत्र १०.५ × ११.७५ = १२३.३८ चौरस फूट. पत्रात लिहिलंय तसं गुणलं तर १०.६ × ११.९ = १२६.१४. एका खोलीत पावणेतीन चौरस फुटांचा फरक पडला. इंच दहा-अकरा असले की गोंधळ आणखी वाढतो. दहा फूट अकरा इंच कुणी १०.११ लिहिलं, तर ते माप कागदावर दहा फूट सहा इंचांच्या १०.६ पेक्षाही लहान दिसतं! म्हणून फूट आणि इंच हे शब्दच लिहा : ‘१० फूट ६ इंच × ११ फूट ९ इंच, भिंतींच्या आतून मोजलेले.’ शेवटचे तीन शब्द मुद्दाम आहेत. नऊ इंची भिंत असेल तर आतून आणि बाहेरून घेतलेल्या मापात प्रत्येक दिशेला दीड फूट पडतो.

जाता जाता, ‘चौरस’ हा शब्द कुठं येतो त्यावर सगळं अवलंबून असतं. ‘दहा चौरस फूट’ म्हणजे जेमतेम पाच फूट बाय दोन फूट एवढी जागा. ‘दहा फूट चौरस’ म्हणजे दहा बाय दहा, शंभर चौरस फूट. पाण्याच्या टाकीसाठी किंवा मीटरच्या खोलीसाठी जागा राखून ठेवताना ही गफलत होते. तिथं दोन्ही बाजूंची मापं आणि गुणाकार, तिन्ही लिहावेत.

ज्यांचा व्यवहार गावाकडच्या जमिनीचा आहे त्यांच्यासाठी एवढंच : सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं तीन घरांत असतं. ०.०३.०० म्हणजे शून्य हेक्टर, तीन आर, शून्य चौरस मीटर. पत्रात उतरवताना मधलं एक शून्य गळून ‘०.३ हेक्टर’ झालं, तर तीन आरचे तीस आर होतात. ‘० हेक्टर ०३ आर ०० चौरस मीटर (एकूण ३०० चौरस मीटर)’ असं लिहिलं की टिंबांवर काही अवलंबून राहत नाही. आणि फ्लॅट असेल तर आकड्याआधी ‘रेरा कायद्यानुसार चटई क्षेत्र’ हे शब्द हवेत. त्या व्याख्येत फ्लॅटच्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, खास त्या फ्लॅटची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. नुसतं ‘९०० स्क्वेअर फूट’ म्हटलं तर त्यात जिना आणि लिफ्टचा वाटा आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता विसाराची रक्कम. ‘५.५ लाख’ याचा गणितातला अर्थ साडेपाच लाख असाच होतो, ५,५०,०००. पाच लाख पाच हजार लाखांत लिहायचे तर ५.०५ लाख लिहावे लागतात. तोंडी ‘पाच-पाच’ म्हणायची सवय कागदावर उतरली की ४५,००० रुपयांचा फरक पडतो. तुमची बाजू मात्र लंगडी नाही. सहीच्या पत्रातला आकडा हा तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे खरा, पण तो शेवटचा शब्द नव्हे. पैसे खात्यावर आले आहेत, त्यामुळे पासबुकाची नोंद बोलेल. बँकेतून शिक्क्यासह खातेउतारा घ्या आणि स्पष्टीकरण पत्रात जमा तारीख, रक्कम आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, लिहा. दोन हप्त्यांत पैसे आले असतील तर दोन्ही नोंदी वेगळ्या द्या आणि खाली बेरीज. जिथं बँकेची नोंद आणि पत्राची भाषा जुळते, तिथं वाद टिकत नाही.

यापुढे पैशांच्या पत्रात ‘लाख’ हा शब्द आकड्याच्या शेजारी नकोच. पूर्ण आकडा, आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम आणि लगेच अक्षरी : रु. ५,०५,०००/- (अक्षरी रुपये पाच लाख पाच हजार फक्त). अक्षरी रक्कम शोभेची नसते. धनादेशावर आकडा आणि अक्षर जुळत नसतील, तर अक्षरी रक्कमच खरी धरायची, असं १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिलेलं आहे. तुमच्या पत्राला ते कलम थेट लागू नाही, तरी वाचणारा त्याच सवयीनं वाचतो. अक्षरी लिहिताना ‘सव्वा’, ‘साडे’, ‘पावणे’ वापरू नका. ‘पावणेदोन लाख’ आपल्याला कळतं, पण मराठी शाळेत न गेलेल्या मुलाला किंवा बँकेतल्या परप्रांतीय अधिकाऱ्याला कळेलच असं नाही. ‘एक लाख पंचाहत्तर हजार’ लिहा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आकडे घाईत एकमेकांच्या जागी पडतात, म्हणून अक्षरी लिहून झाल्यावर आकडा झाकून नुसतं अक्षर मोठ्यानं वाचून पाहा.

हातानं लिहिणाऱ्यांनी अंकांची लिपी एकच ठेवावी. मराठी एक हा घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. एका ओळीत मराठी आणि पुढच्या ओळीत इंग्रजी अंक आले, की वाचणाऱ्याला प्रत्येक आकड्यापाशी थांबून ठरवावं लागतं. तुमचा दर १,९५० आहे, त्यात एक आणि नऊ शेजारीशेजारी आहेत, तेव्हा ही काळजी तुम्ही घ्याच.

एकूण किंमत आता काढू. ३,२२९.१७ चौरस फूट × १,९५० = ६२,९६,८८१ रुपये ५० पैसे. ही रक्कम दोघांनी मिळून पूर्णांकात करून घ्या, समजा ६२,९६,९००. त्यातून विसाराचे ५,०५,००० वजा केले की बाकी ५७,९१,९००. पत्रात तिन्ही आकडे हवेत : एकूण, मिळालेले, बाकी. तिघांची वजाबाकी जमली पाहिजे, म्हणजे एखादा आकडा चुकला तर दुसरे दोन तो उघड पाडतात. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्यानं खरेदीदाराला १ टक्का आयकर कापून सरकारात भरावा लागतो. म्हणजे तुमच्या खात्यावर पूर्ण रक्कम दिसणार नाही. एकूण ६२,९६,९०० वर तो ६२,९६९ रुपये होतो. ‘वरील रकमा आयकर कापण्यापूर्वीच्या आहेत’ असं लिहून ठेवलं नाही, तर शेवटच्या हप्त्याला ‘एवढे कमी का आले’ यावरून पुन्हा बोलाचाली होईल.

तारखेबद्दल त्या मुलावर रागावू नका. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ०५/०९ त्याला ९ मेच दिसणार. अशी तारीख दिवस बारापेक्षा मोठा असेल तेव्हाच आपोआप स्पष्ट होते, १३ ते ३१ मध्ये. पहिल्या बारा दिवसांत ती दोन्हींकडून वाचता येते. शिवाय तुमचं पत्र मार्चमधलं, म्हणजे मे आणि सप्टेंबर दोन्ही पुढेच होते, त्यामुळे संदर्भावरूनही निकाल लागला नाही. महिना अक्षरात आणि वर्ष चार अंकांत : ‘५ सप्टेंबर २०२६’. महत्त्वाच्या मुदतीला वारही जोडा. ५ सप्टेंबर २०२६ ला शनिवार आहे. वार लिहायला गेलं की दोन फायदे होतात : तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि चूक दिसते, आणि सुट्टीचा दिवस निवडला असेल तर तेही लक्षात येतं. राज्य शासनाचा आठवडा पाच दिवसांचा आहे. त्याच दिवशी दस्त नोंदवायचा विचार असेल तर शनिवारपेक्षा आदला शुक्रवार, ४ सप्टेंबर, ठरवून घ्या.

‘पर्यंत’ या शब्दात तो दिवस धरला आहे की नाही, आणि पैसे पाठवायचे की पोचायचे, हे दोन्ही उघडं राहतं. परदेशातून येणाऱ्या पैशाला वाटेत वेळ लागतो. ‘५ सप्टेंबर २०२६ पर्यंत, तो दिवस धरून, माझ्या खात्यात जमा झालेली असावी’ म्हटलं की वाट पाहणं कुणाच्या अंगावर आहे ते ठरतं. मुदत महिन्यांत देणार असाल तर तीही मोजून पाहा. १२ मार्च २०२६ पासून सहा महिने म्हणजे १२ सप्टेंबर, पण १८० दिवस म्हणजे ८ सप्टेंबर. सहा महिने आणि १८० दिवस एकच नव्हेत. मुदतीच्या शेजारी शेवटची तारीख लिहिणं हा त्यावरचा सोपा इलाज.

‘ताबा दिवाळीत’ यात तर दोन अडचणी आहेत. दिवाळी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत चालते, यातला दिवस कोणता? आणि ती दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला येतं. परगावी राहणारा माणूस गेल्या वर्षीच्या आठवणीनं ऑक्टोबर धरून चालला तर त्याचा दोष नाही. पाडवा, दसरा, अक्षय्य तृतीया हे मुहूर्त घरात ठरवायला छान आहेत. कागदावर त्या दिवसाची इंग्रजी तारीख लिहा आणि हवं तर कंसात सण.

तारीख स्पष्ट असण्याला कायद्यातही वजन आहे. ठरलेला व्यवहार पुरा करून मागण्याचा दावा लावायला १९६३ च्या मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत. करारात दिवस ठरलेला असेल तर ती त्या दिवसापासून मोजतात. दिवस ठरलेला नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. मग नकार कधी दिला, फोनवर की पत्रानं, यावरच वाद रंगतो. तुमच्या पत्रात दिवस आहे पण दोन प्रकारे वाचता येतो, आणि मे की सप्टेंबर यावर चार महिने इकडचे तिकडे होतात.

स्पष्टीकरण पत्राचा मजकूर साधारण असा ठेवा :

‘विषय : दिनांक १२ मार्च २०२६ च्या माझ्या पत्राचे स्पष्टीकरण.

मिळकत : तुकडी जिल्हा कोल्हापूर, पोटतुकडी तालुका करवीर, कोल्हापूर महानगरपालिका हद्दीतील ई वॉर्ड, सि.स.नं. ____.

१. मूळ पत्रातील “क्षेत्र ३ गुंठे, दर १,९५० प्रमाणे” याऐवजी : मिळकत पत्रिकेप्रमाणे क्षेत्र ३००.०० चौरस मीटर (१ चौ.मी. = १०.७६३९ चौ.फूट या प्रमाणाने ३,२२९.१७ चौरस फूट). तफावत दिसल्यास चौरस मीटरमधील माप ग्राह्य धरावे. दर प्रति चौरस फूट रु. १,९५०/- (अक्षरी रुपये एक हजार नऊशे पन्नास फक्त). यावरून काढलेला व पूर्णांकात ठरवलेला एकूण मोबदला रु. ६२,९६,९००/- (अक्षरी रुपये बासष्ट लाख शहाण्णव हजार नऊशे फक्त) हा उक्ता आहे.

२. “१०.६ × ११.९” याऐवजी : खोलीचे आतून माप १० फूट ६ इंच × ११ फूट ९ इंच.

३. “विसार ५.५ लाख” याऐवजी : दिनांक ____ रोजी यूटीआर क्र. ____ अन्वये बँकेत जमा झालेले रु. ५,०५,०००/- (अक्षरी रुपये पाच लाख पाच हजार फक्त). बाकी रु. ५७,९१,९००/- (अक्षरी रुपये सत्तावन्न लाख एक्क्याण्णव हजार नऊशे फक्त). वरील रकमा आयकर कापण्यापूर्वीच्या आहेत.

४. “०५/०९/२६ पर्यंत” याऐवजी : शनिवार, दिनांक ५ सप्टेंबर २०२६ पर्यंत, तो दिवस धरून, खात्यात जमा.

५. “ताबा दिवाळीत” याऐवजी : ____वार, दिनांक __ ______ २०२६ रोजी, संपूर्ण रक्कम जमा झाली असल्यास.

मूळ पत्रातील इतर मजकूर कायम आहे.’

यातलं पाचवं कलम आम्ही मुद्दाम रिकामं ठेवलंय, तो दिवस तुम्ही दोघांनी ठरवायचा. पण सही करताना पत्रात एकही रिकामी जागा राहू देऊ नका. वापरायची नसेल तिथं आडवी रेघ मारा. एखादा शब्द खोडावाच लागला तर बाजूला दोघांच्या लघुसह्या घ्या. पुढं साठेखत किंवा खरेदीखत नोंदवताना हीच शिस्त लागते : नोंदणी कायद्याच्या कलम २० नुसार मजकुरातली भर, रिकामी जागा किंवा खाडाखोड यांवर लिहून देणाऱ्याची सही नसेल, तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. दस्त सही झाल्यापासून साधारणपणे चार महिन्यांत नोंदणीसाठी हजर करायचा असतो, म्हणून सहीखालची तारीखही महिना अक्षरात लिहा. हे पत्र साठेखताची जागा घेत नाही. साठेखत वकिलांकडूनच करून घ्या आणि त्यांना मूळ पत्र, स्पष्टीकरण पत्र, मिळकत पत्रिका आणि खातेउतारा एकत्र द्या, म्हणजे जुने आकडे मसुद्यात परत शिरणार नाहीत.

दोन प्रती काढा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. मुलाला पाठवायच्या मजकुरातही महिन्याचं नाव तसंच राहू द्या. तिकडचा संगणक तारीख आपोआप अंकांत करतो आणि आपल्या पद्धतीचे लाख-हजारांचे स्वल्पविरामही बदलून टाकतो, म्हणून पत्राचा फोटो किंवा पीडीएफच पाठवा.

आणि त्यांनी सही करायला टाळाटाळ केली तर थांबून राहू नका. हाच मजकूर तुमच्या एकट्याच्या सहीनं, मिळकत पत्रिका आणि खातेउताऱ्याची प्रत जोडून, पोचपावतीसह स्पीड पोस्टानं त्यांच्या पत्त्यावर पाठवा. शेवटी एक ओळ घाला : ‘यातील कोणत्याही आकड्याबद्दल किंवा तारखेबद्दल हरकत असल्यास हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावे.’ त्यांनी गप्प राहण्यानं सगळं मान्य झालं असं होत नाही. पण ९ मे येण्याआधी तुम्ही आपला अर्थ कागदोपत्री कळवला होता, हे त्या पोचपावतीवरून दाखवता येईल. त्यामुळे पत्र उशिरा न पाठवता याच आठवड्यात टाका.